सलग क्रमांक की विखुरलेले?

परीक्षेच्या केंद्रप्रमुख मैत्रिणीचा प्रश्न: २४० उमेदवार, १० दालने, प्रत्येकी २४, बैठक कशी लावू?

सलग लावली तर पहिल्या दालनात १ ते २४. फलकावर दहा ओळी पुरतात, हजेरीपत्रक यादीतून जसेच्या तसे कापता येते, उत्तरपत्रिकाही क्रमाने जमतात. पण एकत्र अर्ज भरलेले मित्र शेजारी येतात.

विखुरताना शेवटचा अंक म्हणजे दालन: १, ११, २१ पहिल्यात, शून्यवाले दहाव्यात. मित्र वेगळे होतात; मात्र हजेरीपत्रके वेगळी छापावी लागतात आणि संध्याकाळी २४० उत्तरपत्रिका पुन्हा क्रमाने लावताना कंबरडे मोडते.

अर्जांच्या क्रमानेच बैठक क्रमांक दिले असतील तर विखुरलेली बरी. आधीच यादी पिसून क्रमांक दिले असतील, तर सलगच लाव.