फर्मचं ऑडिट की कारखान्यातलं इंटर्नल ऑडिट: कोळशाच्या एका ढिगावरून

धंतोलीतल्या माझ्या ऑफिसात गेल्या महिन्यात माझा जुना आर्टिकल आला, माझ्या हाताखाली शिकलेला. नुकताच सीए झालेला, हातात दोन पत्रं. एक रामदासपेठेतल्या मध्यम आकाराच्या फर्मचं, ऑडिटसाठी पगारी असिस्टंट म्हणून. दुसरं बुटीबोरीच्या एका कंपनीचं, इंटर्नल ऑडिट खात्यात. कंपनीचा पगार जवळपास दीडपट.

"मॅडम, घरचे म्हणतात कंपनी धर. मित्र म्हणतात फर्म सोडू नको. मला तर काही समजूनच नाही राहिलं."

मी आधी फर्ममध्ये काम केलं, मग काही वर्षं एका कारखान्यात इंटर्नल ऑडिटला होते, आता स्वतःची प्रॅक्टिस आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतच असतो. पगार आणि सुट्ट्यांची तुलना कोणीही करून देईल. मी त्याला कोळशाचा एक ढीग सांगितला, कारण तो मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

बॉयलर कोळशावर चालणारा कारखाना. 31 मार्चला पुस्तकात कोळसा 4,200 टन. स्टॅच्युटरी, म्हणजे कायद्याने सक्तीच्या ऑडिटचे ऑडिटर म्हणून आम्ही साठा मोजताना हजर राहिलो. साठा मोठा असेल तर एसए 501 या ऑडिटच्या मानकाप्रमाणे हजर राहावंच लागतं. कोळसा पोत्यांसारखा मोजता येत नाही. ढिगाला आकार देतात, लांबी-रुंदी-उंची घेतात, घनफळ काढतात आणि त्याला घनतेने गुणतात. घनफळ आलं 5,000 घनमीटर. घनता धरली 0.8, म्हणजे 4,000 टन. तूट 200 टन, सहा हजार रुपये टनाने बारा लाख.

"मग तुम्ही काय केलं?"

"तूच सांग. करपूर्व नफा आठ कोटी होता."

त्याने मनात गणित केलं. बऱ्याच फर्म मटेरियालिटी, म्हणजे केवढ्या रकमेपासून फरक महत्त्वाचा मानायचा ती रेषा, ठरवताना करपूर्व नफ्याच्या पाच टक्क्यांपासून सुरुवात करतात. तो नुसता रिवाज आहे, नियम नाही. त्याप्रमाणे चाळीस लाख झाले. "बारा लाख तर बरेच खाली आहेत. आणि ऑडिट रिपोर्टसाठीच्या सरकारच्या कारो आदेशात साठ्याच्या फरकाची रेषा दहा टक्क्यांची. हे पाच टक्केसुद्धा नाही."

"बरोबर. शिवाय घनतेचं बघ. 0.8 ऐवजी 0.84 धर."

"5,000 गुणिले 0.84... 4,200!" तो हसला. "मॅडम, तूटच गेली की."

इथेच स्टॅच्युटरी ऑडिटची ताकद आणि मर्यादा एकत्र दिसते. ढीग किती दाबला गेलाय, खालच्या थरात चुरा किती, यावर घनता एवढी सहज बदलते. म्हणजे ढिगाकडे पाहून कोळसा खरंच कमी आहे की मोजण्यातलीच चूक आहे, हे सांगताच येत नाही. आम्हाला उत्तर द्यायचं होतं ते एकाच प्रश्नाचं: ताळेबंद खरं आणि वाजवी चित्र दाखवतो का? बारा लाखांनी ते चित्र बिघडत नव्हतं. आम्ही घनतेची चाचणी पुन्हा करून घेतली, फरक नोंदवला, व्यवस्थापनाला लेखी कळवला आणि पुढे सरकलो. यात आळस नव्हता. तीन आठवड्यांत अख्खी कंपनी बघायची असते, आणि 30 सप्टेंबरच्या तारखा पलीकडे उभ्याच असतात.

पुढे मी दुसऱ्या एका कारखान्यात इंटर्नल ऑडिटला गेले, आणि तिथे जवळजवळ तसाच ढीग भेटला. तेवढीच तूट. प्लांट हेड म्हणाले, "पावसाळ्यात ओला माल घेतला, मार्चपर्यंत ओल उडाली. नागपूरचं ऊन आहे बाई." ऐकायला पटतं. पण आता माझ्याकडे तीन आठवडे नव्हते, अख्खं वर्ष होतं. आणि ढीग सोडून मला गाड्या तोलायच्या काट्यावर जाता येत होतं.

धरमकाट्याच्या पावतीवर दोन वजनं असतात, भरल्या गाडीचं आणि खाली, म्हणजे रिकाम्या गाडीचं. दोन्हींची वेळही छापलेली असते. मी वर्षभराच्या पावत्या एक्सेलमध्ये घेतल्या आणि दोन वेळांतलं अंतर काढलं. एका ट्रान्सपोर्टरच्या गाड्यांचं अंतर एक-दोन मिनिटं येत होतं. पंचवीस टन कोळसा दोन मिनिटांत कोणी उतरवत नाही. मग खाली वजनांचा रकाना लावला. एकाच गाडीचं खाली वजन दर फेरीला किलोपर्यंत सारखं. खरं वजन केलं तर डिझेल, चिखल, तळाला चिकटलेला ओला चुरा यामुळे थोडंफार हलतंच.

"म्हणजे खाली गाडी काट्यावर यायचीच नाही?"

"नाही. कॉम्प्युटरमध्ये जुनं वजन साठवून ठेवलेलं, तेच दर वेळी लागायचं. गाड्यांना नंतर फळ्या वाढवल्या, बॉडीची दुरुस्ती झाली, वजन वाढलं. खाली वजन कमी धरलं की माल तेवढाच जास्त दिसतो."

न सांगता वीस गाड्या उतरवल्यावर परत काट्यावर चढवल्या. सरासरी 280 किलोचा फरक. त्या ट्रान्सपोर्टरच्या वर्षाला 700 फेऱ्या, म्हणजे 196 टन. जवळजवळ अख्खी तूट. आणि ओल उडाल्याची गोष्ट तिथेच पडली, कारण तसं असतं तर कमतरता पावसाळ्यातल्या मालात दिसली असती. ही तर बाराही महिने सारखी होती, आणि एकाच ट्रान्सपोर्टरकडे.

तो खुर्चीत पुढे सरकला होता. "मग तर इंटर्नल ऑडिटच भारी ना."

"थांब, पुढचं ऐक."

रिपोर्ट लिहिला. तो आधी गेला प्लांट हेडकडे, त्यांच्या उत्तरासाठी. उत्तर आलं: "नोंद घेतली, सुधारणा केली जाईल." पुढच्या तिमाहीत परत पावत्या काढल्या तर अंतर तेच, दोन मिनिटं. परत मुद्दा, परत तेच उत्तर. माझ्या वार्षिक मूल्यमापनावर सही करणारे सीएफओ, आणि त्यांना प्लांट हेडशी भांडायचं नव्हतं, कारण उत्पादनाचे आकडे त्यांच्याच हातात. तिसऱ्या तिमाहीत एका स्वतंत्र संचालकाने ऑडिट कमिटीत विचारलं, हा मुद्दा सारखा का येतोय? तेव्हा कुठे काट्याच्या सॉफ्टवेअरमधला साठवलेल्या वजनाचा पर्याय बंद झाला. शोधायला मला तीन आठवडे लागले होते, बंद व्हायला नऊ महिने.

स्टॅच्युटरी ऑडिटरची नेमणूक शेअरहोल्डर करतात आणि त्याचा रिपोर्ट त्यांच्याकडे जातो. कंपनीच्या माणसांनी गैरव्यवहार केल्याचं त्याला सापडलं तर कंपनी कायद्याच्या कलम 143(12) खाली त्याला बोलावंच लागतं: एक कोटी किंवा जास्त असेल तर केंद्र सरकारकडे, कमी असेल तर ऑडिट कमिटी किंवा बोर्डाकडे. इंटर्नल ऑडिटरवर त्या कलमाचा बोजा नाही. त्याचं बोलणं घरातलं. घरात ते ऐकणारा कोण आहे, यावर त्याची अख्खी नोकरी उभी असते.

"मग कंपनीत मुलाखतीला काय विचारू?"

मी सांगितलं, पहिलं हे विचार की इंटर्नल ऑडिटचा प्रमुख कोणाला रिपोर्ट करतो, आणि त्याचं मूल्यमापन कोण करतं. सीएफओ असेल तर लगेच नाही म्हणू नको, पण ऑडिट कमिटीसमोर तो स्वतः बसतो का, ते बघ. प्रायव्हेट कंपनी असेल तर बहुतेक वेळा ऑडिट कमिटी नसतेच, मग सगळं मालकाच्या स्वभावावर. अशा कंपनीला उलाढाल 200 कोटी किंवा कर्ज 100 कोटी झालं की कलम 138 ने इंटर्नल ऑडिटर नेमावाच लागतो. काही ठिकाणी तेवढ्यापुरताच नेमलेला असतो. ओळखायचं कसं? जुन्या मुद्द्यांवर काय झालं याची यादी मागायची. मजकूर दाखवणार नाहीत, ठीक आहे. पण किती मुद्दे दोन तिमाह्यांपेक्षा जास्त उघडे आहेत, एवढं तरी सांगतील. तेही सांगायला कचरले, तर ते काय ते समजून घे.

"आणि फर्मला?"

"फर्मला विचार, पहिल्या वर्षी किती क्लायंटची फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुझ्या हातात राहील. नुसतं व्हाउचिंग आणि एप्रिलमध्ये गोंदिया-गडचिरोलीच्या बँक ब्रांच असतील, तर ते तू आर्टिकलशिपमध्ये केलंच आहेस." एप्रिलच्या त्या उन्हाबद्दल मी जास्त बोलले नाही, त्याने ते भोगलेलं आहे.

सहीच्या अधिकारावर त्याचं बरंच अडलं होतं. कंपनीच्या नोकरीत असताना ऑडिट रिपोर्टवर सही करता येत नाही, हे खरं. पण फर्ममध्येही पगारी असिस्टंटची सही लागत नाही, पार्टनरची लागते. पहिल्या तीन वर्षांत या मुद्द्याला फार किंमत नाही. पुढे स्वतःची प्रॅक्टिस करायची असेल तर फरक दुसरीकडे पडतो. फर्ममध्ये तुला चाळीस क्लायंट ओळखतात, कंपनीत एकच कंपनी ओळखते.

माझं मत विचाराल तर, पहिली दोन-तीन वर्षं फर्म. कारण वेगळंच आहे. वीस धंद्यांची पुस्तकं पाहिली की कुठली गोष्ट विचित्र आहे हे कळायला लागतं. काट्याची दोन मिनिटं मला खटकली, कारण फर्ममध्ये असताना एका राईस मिलच्या पावत्यांवर पंचवीस मिनिटं पाहिली होती. मी सरळ कारखान्यात गेले असते तर दोन मिनिटं मला नेहमीचीच वाटली असती. पण ज्याला आपण शोधलेलं बंद झालेलं बघायचं असतं, शेवटपर्यंत पाठपुरावा करायचा असतो, त्याला फर्म लवकर कंटाळवाणी होते. आम्ही फर्ममध्ये "कळवलं" लिहून निघून आलो, त्या पहिल्या ढिगाचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही.

निघताना त्याने तिसरं विचारलं. "फर्मचंच इंटर्नल ऑडिट खातं असतं ना? तिथे गेलो तर?"

असतं. कायद्याने इंटर्नल ऑडिटर कंपनीचा नोकर असलाच पाहिजे असं नाही, बाहेरची फर्मही चालते. फक्त कलम 144 मुळे ज्या कंपनीचं स्टॅच्युटरी ऑडिट, तिचंच इंटर्नल ऑडिट करता येत नाही. वेगवेगळे कारखाने बघायला मिळतात आणि काट्यावरही जाता येतं. पण दर तिमाहीला ठरावीक दिवसांची फी, तेवढेच दिवस. वीस गाड्या परत काट्यावर चढवायला त्या दिवसांत वेळ मिळेलच असं नाही.

आठवड्याने त्याचा फोन आला. बुटीबोरीला विचारून आला होता. इंटर्नल ऑडिटचा प्रमुख प्लांट हेडलाच रिपोर्ट करतो म्हणे. "मॅडम, आणि तिथून निघताना गेटवर काटा दिसला. दहा मिनिटं उभा राहिलो."

"मग?"

"भरली गाडी चढली, पावती घेतली आणि आत गेली. ड्रायव्हरच्या हातातल्या पावतीवर दोन्ही वजनं छापलेली होती."