सिकलसेल पालकांचा गट: नोंदणी आधी की बैठक आधी?

तळोदा-धडगाव पट्ट्यात सिकलसेल असलेल्या मुलांच्या पालकांना एकत्र आणायचं म्हटलं की पहिला वाद होतो तो नोंदणीचा. संस्था करायची की साधा गट ठेवायचा? दोन्ही चालतं, फरक पैशांत आणि सह्यांत पडतो.

नोंदणीला किमान सात सदस्य, घटना, धर्मादाय कार्यालयाच्या चकरा आणि दरवर्षी हिशेब तपासणी लागते. बदल्यात १२ए आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या मिळवून कंपन्यांच्या सीएसआर निधीसाठी अर्ज करता येतो. मोठी रक्कम खरोखर येणार असेल, तर हाच रस्ता धरावा.

अडतं ते कार्यकारिणी बदलताना. बदलाचा अहवाल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. समजा खजिनदारच गेला. नवा निवडायला नोटीस, ठराव, सह्या हव्यात आणि सही करणारे चार जण बारडोलीकडे फडात. अहवाल मंजूर होईतो बँक नवी सही घ्यायला कुरकुर करते. पैसे खात्यात असतात, पण मुलाला दवाखान्यात न्यायला गाडीभाडं निघत नाही. माझ्या मते तरी निर्णय इथेच होतो.

साध्या गटात वीस घरांनी महिन्याला ३० रुपये दिले तर ६०० जमतात. रोकड एकाकडे, वही दुसरीकडे आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी शिल्लक मोठ्याने वाचायची. वही आणि पेटी एकाच घरात गेली की गट मोडायला लागतो.

पहिली बैठक बाजाराच्या दिवशी ठेवा, कारण त्या दिवशी काळी-पिवळी मिळते. परतीची शेवटची गाडी सुटायच्या आत, तासा-दीड तासात उरका. नियम तीनच पुरेत. कोण रुग्ण आणि कोण नुसता वाहक, म्हणजे स्वतःला आजार नसून तो मुलांकडे जाऊ शकेल असा, हे बाहेर बोलायचं नाही. त्यावरून सोयरिकी मोडतात. आईला दोष द्यायचा नाही: आईबाप दोघे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि दोष दोघांकडून येतो. तिसरं, ताप किंवा छातीत दुखणं आलं तर गटाला विचारत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

सरकारदरबारी पाठपुराव्याला नोंदणी लागतेच, असं नाही. २०१६ च्या कायद्यात सिकलसेल दिव्यांगत्वात येतो, पण नुसत्या वाहकाला प्रमाणपत्र मिळत नाही. अपेक्षा आधीच स्पष्ट करा. ग्रामपंचायतीचा पाच टक्के दिव्यांग निधी ज्याचं प्रमाणपत्र आहे, त्याच्या नावाने मागता येतो. माहिती अधिकाराचा अर्जही नागरिकाच्याच नावाने जातो. दहा रुपयांत नेमकं विचारा: गेल्या सहा महिन्यांत या आरोग्य केंद्रात सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या किती दिवस शिल्लक नव्हत्या, साठा नोंदवहीची प्रत द्या. "औषध का मिळत नाही?" असं लिहिलंत तर बहुधा गोलमोल उत्तर येतं.

कुणा देणगीदाराने ८०जी लेखी मागितलं, तर नोंदणीचं तेव्हा बघता येईल. तोवर वही पुरते.