प्रकाशसंश्लेषणाचा व्हिडिओ: पॉजवाला प्रश्न उत्तराच्या आधी टाकायचा की नंतर?

दहावीला फ्लिप्ड क्लास करायचा म्हणजे पोरं घरी व्हिडिओ बघून येणार आणि वर्गात आपण फक्त चर्चा नि प्रयोग घेणार. स्क्रिप्ट लिहायला बसलं की पहिला घोळ इथेच होतो, "थांबा आणि विचार करा" नेमकं कुठे टाकायचं. मी डिचोलीकडे शिकवतो, एकाच धड्याच्या दोन स्क्रिप्ट करून दोन तुकड्यांना दिल्या, त्यातलं जे दिसलं ते सांगतो.

पहिली स्क्रिप्ट नेहमीची. आधी समजावलं, मग प्रश्न. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांतून आलेलं पाणी घेतं, उन्हाच्या ऊर्जेने ग्लुकोज बनवतं, ऑक्सिजन बाहेर सोडतं, हे तीन मिनिटं बोललो आणि मग "पॉज करा, झाड अन्न कशापासून बनवतं?" वह्या बघितल्या तर सगळ्यांचं उत्तर बरोबर आणि सगळ्यांचं वाक्य एकच, माझंच. दहा सेकंद मागे जाऊन उतरवून काढलेलं. त्याच पोरांना वर्गात विचारलं, भाटातल्या माडाचं एवढं वजन आलं कुठून? म्हणे खतातून आणि मातीतून, सर.

दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये प्रश्न आधी आहे. सुरुवात व्हॅन हेल्मोंट या शास्त्रज्ञाच्या प्रयोगाने, तो छापून आला १६४८ साली. त्याने सुमारे ९० किलो सुकी माती कुंडीत भरली, सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड जवळपास ७७ किलोचं झालं, तेही गळलेली पानं न मोजता. इथे माझं वाक्य असं:

"आता ती माती परत सुकवून वजन केली. किती कमी झाली असेल? पॉज कर, आकडा वहीत लिही, आणि का वाटतं तेही एका ओळीत."

मग स्क्रीनवर फक्त कुंडी, दहा सेकंद आवाज नाही. ही शांतता ठेवाच, मी पहिल्यांदा नव्हती ठेवली तर कोणी पॉजच केलं नाही, तीन सेकंदांत उत्तर मीच बोलून टाकत होतो. माती कमी झाली साधारण ६० ग्रॅम. पोरांनी लिहिलेलं ४० किलो, ७० किलो, एकीने तर "सगळी संपली". म्हणजे कोणाच्या डोक्यात काय बसलंय ते मला वर्गात जायच्या आधीच कळलं, पहिल्या स्क्रिप्टने हे कधीच दाखवलं नसतं.

पण इथे एक खड्डा आहे. माती नाही म्हटल्यावर पोरं "मग पाणी" म्हणतात, आणि हेल्मोंटसुद्धा तेच म्हणाला होता! म्हणून दुसरा पॉज लगेच लागतो: "सुकं लाकूड बंद डब्यात तापवलं तर काळा कोळसा उरतो. तो कोळसा पाण्यातून येईल का?" सुक्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं आणि पाण्यात कार्बन नाहीच, तो आला हवेतून. हा दुसरा पॉज गाळला तर एक चुकीची समजूत काढून दुसरी घातली असं होतं.

क्रोटनच्या पानालाही तसंच. पानात स्टार्च असेल तिथे आयोडीनने निळं-काळं होतं, ते झालेलं पान दाखवून "कुठला भाग निळा झाला?" विचारलं तर ते नुसतं बघून सांगणं झालं. त्याऐवजी रोप दोन दिवस अंधारात, मग काही तास उन्हात, पान उकळून, गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये हिरवा रंग काढून (स्पिरिट थेट ज्योतीवर नको, पेट घेतं), आयोडीनचा थेंब पडायच्या आधी थांबा आणि पोरांना पानाचं चित्र काढून रंगवायला सांगा. पान मात्र हिरवं-पिवळंच घ्या, अंगणातलं लाल क्रोटन नको, लाल रंगाखाली हिरवा दडलेला असतो आणि अंदाज उगाच चुकतो.

मग पहिली स्क्रिप्ट टाकाऊ का? नाही. क्लोरोफिल, पर्णरंध्रं असली नावं किंवा 6CO2 + 6H2O → C6H12O6 + 6O2 हे समीकरण कोणी अंदाजाने काढू शकत नाही, तिथे आधी विचारलं तर पोरगं नुसतं वैतागतं. तिथे सांगून मग विचारा, फक्त उतरवता येणार नाही असं विचारा, म्हणजे "रात्री यातलं काय बंद पडतं, आणि झाडाचा श्वास चालू राहतो का?"

आठ मिनिटांच्या व्हिडिओत मी आता चारच पॉज ठेवतो, तीन आधीचे, एक नंतरचा. वेळ कमी असेल आणि वह्या बघणं जमणार नसेल तर मात्र पहिलीच स्क्रिप्ट घ्या, कारण आधी चुकीचा अंदाज लिहून घेतला आणि वर्गात त्याच्यावर कोणी बोललंच नाही तर काहींच्या डोक्यात तो चुकीचा आकडाच राहतो. आणि पावसात लाइट गेली की अर्धी पोरं बापाच्या मोबाइलवर सकाळी बसमध्ये बघतात, तिथे वही कुठली, त्यांच्यासाठी कुंडीचा प्रश्न मी आदल्या दिवशीच फळ्यावर लिहून देतो.