बहिणाबाईंच्या कवितेत 'हात' घ्यावा की 'पाखरू'?

एका मैत्रिणीला एमएच्या निबंधासाठी बहिणाबाई चौधरींच्या कवितांमधली एकच प्रतिमा धरून लिहायचंय आणि ती 'पाखरू' आणि 'हात' यात अडकलीये. मी दोन्ही लावून पाहिलं.

पाखरू पटकन सापडतं. खोप्यातली सुगरण आहेच, आणि मनाच्या कवितेत 'मन पाखरू पाखरू', आत्ता भुईवर तर लगेच आभाळात. पण मनाच्या कवितेत ते टिकत नाही हो, तिथे मन ढोर होतं, विंचू-सापाहून जहरी होतं, पाखरू त्या रांगेतलं एक. सुगरण मात्र जीव टांगून घर विणते. या दोन पाखरांना जोडायला गेलं की आपलंच काहीतरी मधे घुसडावं लागतं.

हाताचं तसं नाही. 'अरे संसार संसार'मधे 'आधी हाताले चटके, तव्हा मियते भाकर', म्हणजे भाकरीची किंमत हातानं आधीच चुकती केली. खोप्याच्या कवितेत सुगरणीकडे फक्त चोच, तेच तिचे दात नि तेच ओठ, आणि मग माणसाकडे वळून 'तुले देले रे देवानं दोन हात दहा बोटं'. इथे हात म्हणजे सरळ जाब विचारणं आहे, एवढं दिलंय तर तू काय केलंस.

आणि मग 'लपे करमाची रेखा'. कुंकू पुसलं गेलंय, दारात जोतिषी उभा आहे, त्याला तिचा हात पाहायचाय. ती म्हणते 'नही नशीब नशीब, तयहाताच्या रेघोट्या'. रेषा नाही म्हणत, रेघोट्या म्हणते, पोरं मातीत काडीनं ओढतात तशा! शेवटी 'नको हात माझा पाहू'. मला ही ओळ चटक्यांच्या ओळीशेजारी ठेवून वाचल्यावर पहिल्यांदा नीट कळली. जो हात तव्यावर भाजला त्याच्यावरून हिचं आयुष्य तिसरा कोणी सांगणार, हेच तिला नकोय.

म्हणून मी हातच घेईन. फक्त दोन गोष्टी सांभाळ. नुसतं 'हात' शोधत बसलीस तर 'तयहात' नि 'बोटं' सुटतील, तेही धर. आणि 'ही प्रतिमा पुढे विकसित झाली' असं लिहू नकोस. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, कविता घरच्यांनी उतरवून घेतल्या आणि पुस्तक आलं १९५२मधे, त्या गेल्यानंतर. कुठली आधी कुठली नंतर हे आपल्याला लावता येत नाही. कुंकवाच्या कवितेत वैधव्य आलंय म्हणून ती त्यानंतरची म्हणता येईल, पण बाकीच्या दोघी तिच्या आधीच्याच असं त्यावरून ठरत नाही, त्या शेजारी शेजारी ठेवूनच वाच.