पेमेंट गेटवे वर्षभर वापरल्यावर: खरी परीक्षा चार्जबॅकची

भांडी बाजारातल्या आमच्या दुकानाची वेबसाइट सुरू करताना गेटवे निवडला तो कमिशन बघून. दोन टक्के आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, पैसे कामाच्या दोन दिवसांत खात्यात. हे सगळं ठरल्याप्रमाणे चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. गेटवेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहितोय ते थोड्याफार फरकाने सगळीकडे असंच असतं.

पुण्याची एक ऑर्डर होती, तांब्याची कळशी आणि पितळी समई, ६,४९० रुपये. कमिशन आणि त्यावरचा कर मिळून १५३ रुपये १६ पैसे कापून बाकी रक्कम आली. नंतर ईमेल आला की ग्राहकाने पैसे परत मिळावेत म्हणून बँकेत तक्रार केली आहे, म्हणजेच चार्जबॅक, कारण '13.1'. व्हिसा कार्डाच्या भाषेत याचा अर्थ माल मिळाला नाही. पुढच्या सेटलमेंटमधून पूर्ण ६,४९० रोखले गेले, म्हणजे कमिशन गेलं ते वेगळंच. उत्तराची मुदत ईमेलमध्ये होती. ती चुकली की न लढता हरलो असं धरतात.

अशा वेळी पहिला विचार येतो की ग्राहकाला पैसे परत करून मोकळं व्हावं. तक्रार नोंदल्यावर तसं करूच नका. बँक चार्जबॅकचे पैसे काढून घेतेच, वर तुमचा रिफंडही गेलेला असतो. माघार घ्यायची असेल तर डॅशबोर्डवर तक्रार मान्य करा, वेगळा रिफंड देऊ नका.

आम्ही लढायचं ठरवलं, कारण माल पोचला होता. फक्त तो दोन खोक्यांत गेला होता. कळशी ४ तारखेला पोचली, समईचं खोकं ९ तारखेला. ग्राहक बाईंनी तक्रार केली ७ तारखेला, तीही संपूर्ण रकमेची.

कुरिअरच्या साइटवरचा 'Delivered' चा स्क्रीनशॉट पुरेल असं पुतण्याला वाटत होतं. त्यावर फक्त शहराचं नाव असतं, पत्ता नसतो. बँकेत आपली फाइल वाचणारा माणूस आपल्याला ओळखत नाही, त्याला आपलं दुकानही माहीत नाही. त्याला एकच तपासायचंय, की या पैशांचा माल त्याच पत्त्यावर पोचला का. म्हणून कुरिअरच्या ऑफिसातून दोन्ही खोक्यांच्या डिलिव्हरीचा पुरावा मागवला. त्यावर पूर्ण पत्ता, वेळ आणि ओटीपी घेतल्याची नोंद होती. हा पुरावा लगेच मागावा, जुने रेकॉर्ड कुरिअरवाले कायम ठेवत नाहीत.

मग कागद एकमेकांना जोडले. गेटवेचा पेमेंट आयडी आणि ऑर्डर नंबर बिलावर, त्याच बिलावर दोन्ही खोक्यांचे एडब्ल्यूबी, म्हणजे कुरिअरच्या पावतीचे नंबर, आणि तेच नंबर कुरिअरच्या पुराव्यावर. पत्ता तिन्हीकडे एकच. पहिल्या पानावर तारखांसकट सात-आठ ओळींचा सारांश, त्यात दुसरं खोकं तक्रारीनंतर पोचल्याचंही सरळ लिहिलं. ते लपवलं असतं तर तारखा बघून बाकी कागदांवरचाही विश्वास उडाला असता.

सगळ्यात भारी ठरला तो १० तारखेचा व्हॉट्सॲप मेसेज: "समई छान आहे, पण कळशीच्या आत काळपट डाग दिसतोय. पितांबरीने घासलं तर चालेल का?" ऑर्डरमध्ये दिलेल्याच मोबाइल नंबरवरून. नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घेतला. तांब्याची शुद्धता, दुकानाची जुनी पत, रिटर्नचे नियम यातलं काहीच जोडलं नाही, कारण तक्रार त्याबद्दल नव्हतीच.

निकाल आमच्या बाजूने लागला आणि रक्कम परत जमा झाली. मध्ये बरेच आठवडे गेले. तोवर पैसे अडकलेलेच, आणि दिवाळीच्या तोंडावर मोडीच्या व्यापाऱ्याला ही कारणं सांगता येत नाहीत.

हीच फाइल 'वर्णनापेक्षा वेगळा माल' या तक्रारीला चालत नाही. तिथे माल पोचल्याचा वाद नसतोच, तेव्हा पॅकिंगच्या वेळचे फोटो आणि वेबसाइटवरचं वर्णन लागतं. आणि 'हा व्यवहार मी केलाच नाही' असं असेल तर ओटीपीने झालेल्या व्यवहाराची नोंद गेटवेकडूनच मागायची. परदेशी कार्डांवर बऱ्याचदा ओटीपी नसतो, म्हणून मोठ्या परदेशी ऑर्डरला आम्ही आधी बोलून घेतो.

गेटवेवर माझा राग दोन गोष्टींसाठी आहे. तक्रारीची सूचना फक्त ईमेलवर येते, तीही ऑफरच्या ईमेलमध्ये हरवते. आणि सपोर्टवाले ठरावीक उत्तरं पाठवतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पेमेंट ॲग्रीगेटरला, म्हणजे दुकानदारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या अशा कंपनीला, तक्रारींसाठी नोडल अधिकारी नेमावा लागतो. त्याचा पत्ता साइटच्या तळाशी बारीक अक्षरात सापडला, तिकीट नंबर घालून लिहिलं, तेव्हा कुठे माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. कमिशनला पाचपैकी चार, सपोर्टला दोन.