पेमेंट रन पुढे गेलाय: तीन ओळींची सूचना पाठवायची की पानभर मेल?

शुक्रवारचा व्हेंडर पेमेंट रन होणार नाहीये, सूचना आजच जायला हवी आणि हातात दोन ड्राफ्ट आहेत, एक तीन ओळींचा, एक पानभर. २०२५ च्या जूनमध्ये आमच्या अकाउंट्समध्ये नेमकं हेच झालं होतं, म्हणून ते दोन्ही ड्राफ्ट शेजारी शेजारी ठेवून सांगतो, म्हणजे तुम्हाला ठरवता येईल.

आधी झालं काय ते. शुक्रवार १३ जूनचा रन. ईआरपी अपडेट झाल्यावर बँकेत अपलोड करायच्या फाइलमध्ये शून्याने सुरू होणाऱ्या अकाउंट नंबरांचे पुढचे शून्यच उडाले आणि बँकेने फाइल परत पाठवली. व्हेंडर मास्टर तपासून मंगळवारी १७ तारखेला रन करायचा असं ठरलं.

पहिला ड्राफ्ट असा होता: «काही तांत्रिक कारणांमुळे या आठवड्याचे व्हेंडर पेमेंट लांबणीवर पडले आहे. लवकरात लवकर पेमेंट करण्यात येईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.»

दुसऱ्यात सगळंच होतं, फाइलची अख्खी हकीकत, मग «पेमेंट मंगळवारी १७ जूनला होईल», मग «प्रायॉरिटी १: महत्त्वाचे व्हेंडर, प्रायॉरिटी २: इतर», खाली नावं आणि रकमा, आणि हा मेल परचेस, स्टोअर्स आणि व्हेंडर सगळ्यांना एकदम जाणार होता.

पहिला वाचायला सोपा, पण त्यात तारीखच नाही. तारीख नसली की प्रत्येकजण आपली तारीख सांगतो, स्टोअर्सवाला गेटवर आलेल्या ट्रान्सपोर्टरला सोमवार सांगणार, परचेसवाला फोनवर दोन-तीन दिवस म्हणणार, आणि मग तो व्हेंडर अकाउंट्सला फोन करून म्हणणार की तुमच्याच माणसाने सोमवार सांगितला होता. दुसऱ्यात तारीख आहे, पण «मंगळवारी पेमेंट» म्हणजे नक्की काय? आमची फाइल बँकेत जाणार तो दिवस की व्हेंडरच्या खात्यात पैसे दिसणार तो? एनईएफटी आता चोवीस तास, दर अर्ध्या तासाला चालते, त्यामुळे उशीर बँकेपेक्षा आपल्याकडेच होतो, मेकरने फाइल टाकली आणि चेकर साहेब मीटिंगमधून सातला बाहेर आले की तिथेच अडतं. म्हणून आम्ही दोन्ही वेळा लिहिल्या, फाइल मंगळवार १७ ला संध्याकाळपर्यंत, खात्यात पैसे बुधवार १८ ला दुपारपर्यंत. आणि तिसरी गोष्ट जी दोन्ही ड्राफ्टमध्ये नव्हती, ती म्हणजे मंगळवारच्या रनमध्ये कुठली बिलं. बुधवार ११ पर्यंत अप्रूव्ह झालेलीच, बाकीची नेहमीप्रमाणे शुक्रवार २० च्या रनमध्ये, तो रन पुढे जात नाहीये. हे एक वाक्य नसलं की मंगळवार हा जास्तीचा रन आहे असं समजून लोक नवी बिलंही त्यातच घुसवतात आणि जिथे आधीच तपासणी चालूये तिथे अजून गर्दी.

आता प्रायॉरिटी, इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. «महत्त्वाचे व्हेंडर» हे शब्द काढाच. महत्त्वाचा कोण हे मग ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो, आणि छोटा माणूस गप्प बसून मागे राहतो. प्रायॉरिटी तारखेवरून लावा.

आमच्याकडे एक फॅब्रिकेशनवाले होते, उद्यम रजिस्ट्रेशन असलेलं छोटं युनिट, करारात ४५ दिवस. त्यांचा माल १ मेला गेटवर उतरला, कुणी काही तक्रार लिहून कळवली नाही. एमएसएमई कायद्याप्रमाणे अशा वेळी दिवस माल मिळाला तिथपासून मोजायचे, बिल सिस्टिममध्ये चढलं तिथपासून नाही. ४५ दिवस भरतात १५ जूनला, रविवारी. म्हणजे शुक्रवारचा रन झाला असता तर आम्ही वेळेत होतो, मंगळवारी गेलो की दोन दिवस उशीर, आणि उशिरावर व्याज लागतं ते आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. लेखी करार नसता तर मुदत १५ दिवसांचीच, ती कधीच उलटून गेली असती. (इन्कम टॅक्समध्ये खर्च अडकायचा प्रश्न ३१ मार्चला पैसे बाकी राहिले तर येतो, त्यामुळे जूनमध्ये ती भीती घालायची गरज नाही, व्याजाचं मात्र जूनमध्येही खरं आहे.)

बिघाड फक्त मोठ्या फाइलचा होता, पोर्टलवरून एकेक पेमेंट हाताने टाकता येत होतं. म्हणून नियम असा केला की ज्यांची मुदत १७ च्या आत संपते त्यांचं पेमेंट शनिवारपर्यंत हाताने, अकाउंट नंबर पासबुकच्या किंवा कॅन्सल चेकच्या कॉपीशी दोघांनी ताडून. १४ ला दुसरा शनिवार, ब्रांच बंद, पण ऑनलाइन एनईएफटी चालू होती. त्यानंतर ज्यांचे पैसे थांबले तर काम किंवा कुणाचा पगार थांबेल ते, म्हणजे लेबर कॉन्ट्रॅक्टर, ट्रान्सपोर्ट, वीजबिल. बाकी सगळे मंगळवारी.

आणि ही यादी व्हेंडरला अजिबात पाठवू नका. दुसऱ्याची रक्कम आणि आपला नंबर खाली, हे वाचून माणूस दुखावतो, त्यात त्याची काहीच चूक नसते. त्याला फक्त स्वतःची तारीख हवी असते. म्हणून निवड माझ्या मते दोनातली एक अशी नाहीच, पानभरवाल्याचे दोन मेल करायचे, एक घरातला, एक बाहेरचा.

कारणाचंही तसंच. घरात खरं कारण एका ओळीत लिहा, नाहीतर कंपनीकडे पैसे नाहीत अशी कुजबुज सुरू होते. बाहेर «अकाउंट नंबर चुकले» असं लिहू नका, कारण मग कुणीही तुमच्या नावाने व्हेंडरला मेल टाकून बँक डिटेल्स मागू शकतो किंवा व्हेंडरच्या नावाने तुम्हाला नवं खातं कळवू शकतो, आणि उशिराच्या गडबडीत ते खरं वाटतं.

बाहेरचा मेल शेवटी असा गेला: «नमस्कार, १३ जूनला होणारं आपलं पेमेंट आमच्या पेमेंट फाइलमधल्या बिघाडामुळे त्या दिवशी होणार नाही, याबद्दल दिलगीर आहोत. रक्कम बुधवार १८ जून दुपारपर्यंत आपल्या खात्यात जमा होईल. बँक डिटेल्स परत पाठवायची गरज नाही, कुणी मागितले तर देऊ नका आणि आम्हाला नेहमीच्या नंबरवर फोन करा.» ज्यांचं हाताने गेलं त्यांना हा मेल नाही, त्यांना थेट यूटीआर नंबर.

घरातला: «बँक फाइलमध्ये अकाउंट नंबर चुकत असल्याने १३ चा रन मंगळवार १७ ला. पैसे १८ ला दुपारपर्यंत. ११ पर्यंत अप्रूव्ह झालेली बिलंच यात, २० चा रन नेहमीप्रमाणे. ज्यांची मुदत १७ च्या आत संपते त्यांचं शनिवारपर्यंत हाताने होईल, मग लेबर, ट्रान्सपोर्ट, वीज. कुणाचं नाव सुटलं असेल तर आज चारपर्यंत माल मिळाल्याच्या तारखेसकट कळवा. व्हेंडरला फक्त १८ तारीख सांगा.»

ते «माल मिळाल्याच्या तारखेसकट» नीट लिहा, कारण आमच्या सिस्टिममध्ये जीआरएन चार दिवस उशिरा झालेल्या एका पार्टीची खरी तारीख आम्हाला स्टोअर्सच्या गेट रजिस्टरवरूनच कळली, आणि तिचं पेमेंट शनिवारच्या यादीत शेवटच्या क्षणी घेतलं.