मॉर्टिस लॉकची खाच: नुसती पटाशी का आधी ड्रिल?

आमच्या परभणीच्या घराला दोन सागवानी दारं, दोन्ही ३५ मिमी जाड, दाराच्या जाडीत आत बसणाऱ्या मॉर्टिस लॉकची पेटी १६ मिमीची. पहिल्या दाराला सुतारकाकांनी नुसत्या पटाशीनं खाच पाडली, अर्धा दिवस गेला, आणि गाठीपाशी पटाशी तिरपी गेली तर बाजूची भिंत चिरली, कारण तिथं दोन्हीकडं लाकूड उरतं जेमतेम साडेनऊ मिमी. दुसऱ्याला मी मधल्या रेषेवर १६ च्याच बिटनं एकाखाली एक भोकं मारली, बिटला खोलीच्या मापानं टेप गुंडाळली, मग पटाशीनं फक्त मधले दाते साफ केले, तासाभरात काम. पण ड्रिल वाकडं धरलं तर पेटी आत अडकते, म्हणून दर भोकाला गुण्या लावून बघायचा. दाराच्या कडेवर दिसणाऱ्या लॉकच्या पट्टीची २-३ मिमीची बैठक मात्र पटाशीनंच, तिथं ड्रिलचं काही काम नाही.

बोल्ट जिच्यात शिरतो त्या चौकटीवरच्या प्लेटला मोजायच्या टेपनं माप घेऊ नका, माझं ४ मिमी चुकलं होतं. बोल्टच्या टोकाला काजळ लावा, दार लावून चावी फिरवा, डाग उमटला की भोक तिथंच. खालीवर २ मिमी मोकळं ठेवा, पावसाळ्यात दार फुगतंच.